गाण्यांनी स्मृती परत येते का?

“जुनी गाणी दिवसभर लावून ठेवली की आजीची गेलेली स्मृती परत येते म्हणतात. खरं का?”

नाही. गाण्यामुळे स्मृतिभ्रंशाचा आजार थांबत नाही. पण ओळखीचं गाणं त्याला चिकटलेली जुनी आठवण वर आणू शकतं, कारण सुरांची स्मृती बरेचदा उशिरापर्यंत टिकते. सर्वांत पक्क्या आठवणी साधारण 10 ते 25 या वयातल्या असतात. म्हणून नागपूरच्या महाल भागात वाढलेल्या, 1946 साली जन्मलेल्या आजीसाठी 1956 ते 1971 मधली गाणी निवडा. त्याआधीची सगळीच ‘जुनी’ गाणी तिची नसतात.

दिवसभराच्या आवाजाने उलट गोंधळ वाढतो, बोलणं कळेनासं होतं. टीव्ही बंद करा, एकच गाणं हळू आवाजात लावा. मध्ये जाहिरात येणार नाही हे आधी पाहा. “सिनेमा कोणता, सांग” अशी परीक्षा घेऊ नका. नाव न आठवल्याची लाज फार बोचते. “बर्डीवर सिनेमाला कोणासोबत जायचीस गं?” असं विचारा आणि थांबा. उत्तर दोन मिनिटांनीही येतं. तपशील चुकला तरी दुरुस्त करू नका.

चेहरा उतरला, हात चुळबुळू लागले, तर गाणं लगेच बंद करा. एखादं गाणं दुःखाशीही जोडलेलं असतं.