निवृत्तीच्या निरोपाचं भाषण: हसू सगळ्यांना यावं म्हणून

आमच्याकडे भाषण लिहून घ्यायला येणारे बरेच ग्राहक एखादा हमखास विनोद सोबतच आणतात. उदाहरणार्थ, "मॅडम, ती निळी फाईल आठवते ना?" यावर हिशेब विभागातले चार-पाच जण खो खो हसतात. बाकीचे एकमेकांकडे बघतात, आणि पहिल्या रांगेत बसलेले मॅडमच्या घरचे लोक कसंनुसं हसतात. समारंभ मॅडमचा, आणि त्यांच्याच माणसांना काही कळत नाही!

असा विनोद आम्ही सहसा काढून टाकत नाही. त्यात काय दडलंय ते ऐकणाऱ्याला आधी दाखवतो. निळ्या फाईलचं आम्ही असं केलं:

"मॅडमच्या टेबलावर एक निळी फाईल असायची. कुणी बिल घेऊन आलं की मॅडम काही न बोलता ती उघडायच्या, आणि समोरच्याला आपोआप आठवायचं की पावती जोडायची राहिलीय. मी तर फाईल लांबून दिसली तरी खिसे चाचपायचो. पण आम्हा कुणाचेही पैसे कधी अडकले नाहीत, ते त्याच फाईलमुळे."

आता फाईल न पाहिलेल्यालाही ती दिसते. हसू होतं ते बोलणाऱ्याच्या वेंधळेपणावर, आणि शेवटच्या वाक्यात मॅडमचं काम कळतं. हे वाक्य गाळलं तर उरते ती नुसती थट्टा.

अशा भाषणाला तीन-चार मिनिटं पुरतात. सावकाश, हशासाठी थांबत बोललं तर मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात, म्हणजे साडेतीनशे शब्द भरपूर झाले. तेवढ्यात दोन प्रसंग नीट रंगतात. तिसरा घुसवला की वक्ता धावायला लागतो. नेमणुका आणि बढत्यांची यादी तर नकोच, ती मानपत्रात शोभते.

वय, तब्येत, विसराळूपणा, हुकलेली बढती आणि "आता घरच्यांचं काही खरं नाही" हे विषय आम्ही घेत नाही. यातलं शेवटचं वाक्य तर ठरलेलं असतं, पण त्यावर हसणाऱ्या घरच्यांना विचारून बघा.

मसुदा हातात आला की ऑफिसबाहेरच्या एखाद्याला मोठ्याने वाचून दाखवा. त्याने मध्येच "हे कोण?" किंवा "म्हणजे काय?" विचारलं, तर तिथे एक वाक्य वाढवायचं. वाढवूनही हसू आलं नाही, तर तो प्रसंग चहाच्या टेबलासाठी ठेवा.

शेवटी पेला उंचावायचा असेल तर शुभेच्छा एकाच छोट्या वाक्यात हवी आणि नाव अगदी शेवटी. नाव ऐकलं की पेले कधी उचलायचे ते सभागृहाला सांगावं लागत नाही.

आमच्याकडे येताना दोन-तीन प्रसंग जसे आठवतील तसे लिहून आणा. निवृत्त होणाऱ्यांच्या घरी एक फोन करून कोणती गोष्ट काढलेली त्यांना आवडणार नाही, तेही विचारून ठेवा.