आगाऊ पैसे, उशिरा माल: विक्री कधी लिहायची?

माल हातात येण्याआधी पैसे मोजण्याची आपल्याला जुनी सवय आहे. आकुर्डीत बनणाऱ्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, आणि 1983 मध्ये देशी छोटी कार आली तेव्हा बुकिंगलाच दहा हजार रुपये भरावे लागले. मराठी प्रकाशकांची प्रकाशनपूर्व सवलतही त्याच जातीची. पुस्तक रखडले तर वाचक चरफडायचा, पण हे पैसे वहीत कोणत्या खात्यावर पडले, हे विचारायला कोणी जात नसे.

वहीपुरता नियम 1985 च्या लेखा मानकापासून ठरलेला आहे. मालाची मालकी आणि जोखीम गिऱ्हाइकाकडे गेल्याशिवाय विक्री होत नाही. तोवर आलेली रक्कम हे देणे. मोठ्या कंपन्यांना एप्रिल 2018 पासून नवे मानक लागू झाले. त्यात जोखमीऐवजी मालावरचा ताबा पाहतात, पण प्री-ऑर्डरपुरते उत्तर बदलत नाही.

गोंधळ वाढला तो 2009 नंतर, वस्तू बनण्याआधीच इंटरनेटवर अनेकांकडून पैसे गोळा करणारे क्राउडफंडिंगचे प्लॅटफॉर्म रुळल्यावर. मोहीम ‘यशस्वी’ झाल्याचा आकडा पडद्यावर झळकतो आणि संस्थापक तोच उलाढाल म्हणून सांगत सुटतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यातली एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी ऑगस्ट 2023 मध्ये एका उपकरणाच्या 1000 ऑर्डरी घेते. किंमत 2,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे नगाला 2,360. एकूण जमा 23,60,000. फेब्रुवारीत माल देण्याचे वचन होते, पण 31 मार्च 2024 पर्यंत गिऱ्हाइकांना पोहोचले 400 नग, आणि कंटाळलेल्या 40 जणांनी पैसे परत घेतले.

त्या वर्षाची विक्री फक्त 8,00,000. त्यावरचा जीएसटी 1,44,000. उरलेल्या 560 जणांचे 13,21,600 रुपये ताळेबंदात देणे म्हणूनच दिसले पाहिजेत. परतावा 94,400 रुपयांचा. तो खर्चात टाकायचा नाही, विक्रीतूनही वजा करायचा नाही, कारण तो कधी विक्रीत आलाच नव्हता. तो सरळ देण्यातून कमी होतो. ही चूक सर्रास दिसते: आधी सगळी रक्कम विक्रीत धरायची आणि मग परताव्यांना ‘सेल्स रिटर्न’ म्हणायचे. प्लॅटफॉर्मने कमिशन कापून पैसे पाठवले असले, तरी गिऱ्हाइकाचे देणे पूर्ण 2,360 रुपयांचेच राहते. कमिशन वेगळे लिहायचे.

जीएसटीत सुरुवातीला, जुलै 2017 मध्ये, मालाच्या आगाऊ रकमेवरही कर होता. नोव्हेंबर 2017 च्या अधिसूचनेने तो काढला. सेवेच्या आगाऊ रकमेवर मात्र आजही लागतो. म्हणून ऑनलाइन कोर्सची प्री-ऑर्डर घेणाऱ्याने पैसे आले की रिसीट व्हाउचर करावे आणि बिल होण्याआधी पैसे परत केले तर रिफंड व्हाउचर. वरच्या उपकरणवाल्याला मात्र त्या 40 जणांसाठी क्रेडिट नोटही लागत नाही, कारण बिलच झालेले नाही.

खरा तिढा आहे तो ‘ठेव’ या शब्दाचा. आगाऊ रकमेच्या नावाखाली ठेवी गोळा करण्याचे प्रकार देशाने पाहिले होते. कंपनी कायद्याखालच्या 2014 च्या ठेव नियमांनी त्यावर एक रेघ ओढली. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांत मालापोटी वळती झाली नाही, तर ती ठेव समजली जाते. वहीत तिला काहीही नाव दिले तरी सुटका नाही, तसे शब्दच नियमात आहेत. अपवाद एवढाच, की व्यवहार न्यायालयात अडकला असेल तर. घड्याळ मोहिमेच्या तारखेपासून नाही, प्रत्येक रकमेच्या तारखेपासून चालते. 10 ऑगस्ट 2023 ला आलेल्या पैशाची मुदत 9 ऑगस्ट 2024 ला भरते. आपल्या कंपनीचे ते 560 जण तोवरही मालाविना राहिले, तर ऑगस्टअखेर 560 ठेवीदार, आणि प्रायव्हेट कंपनीला जनतेकडून ठेवी घ्यायला मनाई आहे. दंड एक कोटी किंवा ठेवीच्या दुप्पट, यातली कमी असेल त्या रकमेपासून सुरू होतो.

हा नियम बुडव्यांसाठी लिहिला आणि सुट्या भागांची वाट पाहणाऱ्या कारखानदाराला लागला, अशी तक्रार उद्योजक करतात. ती अगदी खोटी नाही. पण दुसऱ्या बाजूला वर्षभर बिनव्याजी पैसे वापरू देणारा गिऱ्हाईक आहे, आणि त्याच्याकडे ना समभाग, ना तारण. माझा कल त्याच्याकडे झुकतो. मालकी हक्काची पेढी, भागीदारी किंवा एलएलपी या ठेव नियमांच्या कक्षेत येत नाही, हेही खरे. तिथे गिऱ्हाइकाला उरतो तो मुख्यतः ग्राहक कायदा.

कंपन्यांना ठेवींची 31 मार्चची स्थिती दाखवणारे DPT-3 विवरण 30 जूनपर्यंत भरावे लागते, आणि त्यात मुदतीतली आगाऊ रक्कमही सांगावी लागते. ऑर्डरनिहाय पावतीच्या तारखा ज्याने ठेवलेल्या नसतात, तो इथे उघडा पडतो.