काळ्या पट्ट्या दिसल्या की लगेच झूम करू नका

जुन्या डीव्ही टेपवरची क्लिप १९२०×१०८० च्या टाइमलाइनवर टाकली की बऱ्याचदा माणसं लुकडी दिसतात आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात. मग काय, स्केल १३३ टक्के केलं की पट्ट्या गायब! पण वरखाली मिळून पाव चित्र कापलं गेलं, आणि माणसं लुकडीच राहिली.

गडबड पिक्सेलच्या आकारात आहे. पाल डीव्हीची फ्रेम ७२०×५७६ असते. भागाकार करून बघा, १.२५ येतं, म्हणजे ना ४:३ ना १६:९, कारण हे पिक्सेल चौरस नसतातच. ४:३ असो की वाइड, पिक्सेल तेवढेच साठवले जातात, फक्त फाइलमध्ये एक छोटी नोंद असते की दाखवताना पिक्सेल किती रुंद करायचा. वाइडसाठी तो साधारण १.४२ पट, म्हणजे ७२० चे १०२४ होतात आणि १०२४×५७६ बरोब्बर १६:९. कॅप्चर किंवा कन्व्हर्ट करताना ही नोंद हरवली की सॉफ्टवेअर वाइड चित्राला ४:३ समजतं, म्हणून लुकडी माणसं आणि पट्ट्या एकदमच येतात, दुखणं एकच.

ओळखायचं कसं? फ्रेममध्ये समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा, घड्याळ, गाडीचं चाक, काहीही. उंची १०० आणि रुंदी ७५ च्या आसपास भरली तर नोंदच चुकलीय. (चेहऱ्यावरून ठरवू नका हो, पाच मिनिटं बघितलं की डोळ्याला सवय होते.)

मग प्रीमियरमध्ये टाइमलाइनवर ओढाताण न करता प्रोजेक्ट पॅनलमधल्या क्लिपवर राइट क्लिक, Modify, Interpret Footage, आणि तिथे D1/DV PAL Widescreen 16:9 निवडा. रिझॉल्व्हमध्ये हेच Clip Attributes मध्ये मिळतं. मूळ क्लिपलाच सांगितल्यामुळे पुढे तिचे कितीही तुकडे केले तरी सगळे नीट दिसतात. प्रीमियर १.४२ ऐवजी १.४५८७ धरतो, त्यामुळे कडेला थोडा फरक राहू शकतो, साधारण तीन टक्के स्केल वाढवलं की झालं.

आता गोल गोलच दिसतंय आणि तरी बाजूला पट्ट्या आहेत, तर चित्र खरंच ४:३ आहे. ते ताणू नका, पट्ट्या राहू द्या नाहीतर मागे त्याच क्लिपची ब्लर केलेली कॉपी टाका.

आणि गोल नीट आहे पण पट्ट्या चारही बाजूंनी आहेत? तर वरखालच्या पट्ट्या चित्रातच रेकॉर्ड झाल्यात, ५७६ पैकी ७२ ओळी वर आणि ७२ खाली. इथे मात्र तेच १३३ टक्के स्केल बिनधास्त करा, कापलं जातं ते फक्त काळं. फक्त खरं चित्र ४३२ ओळींचंच उरतं, त्यामुळे मोठ्या स्क्रीनवर ते मऊ दिसणार, त्याला इलाज नाही.