एकत्रित सॉफ्टवेअर कराराची महसूल नोंद

सॉफ्टवेअर, ते बसवून देणे आणि वर्षभराची देखभाल (बोलीभाषेत एएमसी) एकाच किमतीला विकले, तर त्या किमतीतला कोणता भाग कधी महसूल धरायचा, हे ठरवण्याची पद्धत. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या इंड-एएस ११५ या लेखामानकात ती दिलेली आहे. बिल कधी फाडले किंवा पैसे कधी आले यावर महसूल ठरत नाही. ग्राहकाला कबूल केलेली गोष्ट त्याच्या हाती कधी पडली, यावर ठरतो.

समजा, करार जीएसटी सोडून १२ लाखांचा आहे आणि सगळी रक्कम आगाऊ मिळाली आहे. बिलात सॉफ्टवेअर १० लाख, एएमसी २ लाख आणि इन्स्टॉलेशन ‘मोफत’ असे लिहिले आहे. ही विभागणी विक्रेत्याच्या सोयीची. हिशेबाला ती चालत नाही. प्रत्येक गोष्ट सुटी विकली असती तर काय भाव आला असता, ते पाहावे लागते. तो भाव सॉफ्टवेअरचा ९ लाख, इन्स्टॉलेशनचा दीड लाख आणि एएमसीचा साडेचार लाख, म्हणजे एकूण १५ लाख धरू. सवलत २० टक्क्यांची झाली. ती तिन्हींवर सारख्याच प्रमाणात बसते. सॉफ्टवेअरच्या वाट्याला ७.२ लाख, इन्स्टॉलेशनच्या १.२ लाख आणि एएमसीच्या ३.६ लाख येतात.

जानेवारीत लायसन्स की दिली, महिनाअखेर इन्स्टॉलेशन संपले आणि १ फेब्रुवारीला एएमसी सुरू झाली. ३१ मार्चला पहिल्या दोन रकमा पूर्ण धरायच्या आणि एएमसीचे दोन महिन्यांचे ६० हजार. महसूल झाला ९ लाख. उरलेले ३ लाख देणे म्हणून ताळेबंदात राहतात. बिलावरची विभागणी जशीच्या तशी उचलली असती, तर महसूल सुमारे १०.३३ लाख दिसला असता. ‘मोफत’ या शब्दापाशी लेखापरीक्षक थांबतो, तो यासाठीच.

खरी अडचण इन्स्टॉलेशनची आहे. दुसरी एखादी संस्थाही ते करू शकत असेल आणि सॉफ्टवेअर त्याशिवायही मुळात तेच राहत असेल, तर ते वेगळे धरायचे. पण ग्राहकाच्या जुन्या प्रणालींशी जोडताना सॉफ्टवेअरच मोठ्या प्रमाणात बदलावे लागत असेल, तर दोन्ही मिळून एकच काम होते आणि लायसन्स की दिल्याबरोबर ७.२ लाख धरता येत नाहीत. ८.४ लाख एकत्र मोजायचे. काम होत असतानाच ते ग्राहकाच्या ताब्यात जात असेल, किंवा त्याचा विक्रेत्याला दुसरीकडे उपयोग नसून झालेल्या कामाचे पैसे मागण्याचा हक्क असेल, तर प्रगतीनुसार महसूल धरतात. मार्चअखेर ४० टक्के काम झाले असेल तर तो ३.३६ लाख, एएमसी तेव्हा सुरूच झालेली नसते. यातले काही लागू नसेल, तर सगळा महसूल काम सुपूर्द झाल्यावर.

सॉफ्टवेअर विक्रेत्याच्याच सर्व्हरवर चालत असेल आणि ग्राहकाला प्रत घेऊन जाता येत नसेल, तर लायसन्स विकलेच गेले नाही असे समजतात. ती सेवा ठरते, आणि तिचा महसूल मुदतभर थोडाथोडा येतो.