खांब बाराव्या शतकातला, पण भिंत केव्हाची?

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यातल्या फोटोंखाली एक वाद हमखास रंगतो. नक्षीदार खांब दिसला की कुणी वास्तू बाराव्या शतकात नेतं, तर टोकदार कमान दिसली की दुसरा ती बहमनी ठरवतो. दोघांची निरीक्षणं बरोबर असू शकतात, कारण खांबाचं वय आणि वास्तूचं वय एकच असेल असं नाही.

आधी खांब पाहू. खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर चरकावर फिरवल्यासारखी गोल वलयं आणि माथ्यावर तुळई पेलणारे हस्त, ही घडण उत्तरकालीन चालुक्य आणि यादव काळातल्या मंदिरांची. काळ्या पाषाणाचे घडीव दगड तिथे चुन्याशिवाय, केवळ वजनावर आणि खाचांवर बसवलेले असतात. छताचा भार आडव्या तुळयांवर असतो, त्यामुळे खरी कमान लागतच नाही.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला यादवांचं राज्य गेलं आणि 1347 मध्ये बहमनी सत्ता उभी राहिली. तिची राजधानी गुलबर्गा सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर. या काळात पाचरीसारखे दगड आणि चुना वापरून बांधलेली टोकदार कमान दख्खनमध्ये रुळली. सोलापूरचा किल्ला बहमनी काळातला मानतात. त्याच्या बांधकामात जुन्या मंदिरांचे कोरीव दगड वापरलेले दिसतात. पुढे आदिलशाही आणि निजामशाही या किल्ल्यासाठी भांडत राहिल्या आणि 1818 च्या मे महिन्यात तो इंग्रजांनी घेतला. एवढे मालक झाले म्हटल्यावर डागडुजी आलीच.

आता समजा, फोटोत असा खांब टोकदार कमानीला टेकू देतो आहे. मग खांबाच्या माथ्याकडे बघावं. हस्त तुळईसाठी घडवलेले असतात, कमानीच्या पायाशी ते जुळत नाहीत. म्हणून मध्ये साध्या दगडाची थप्पी किंवा चुन्याची जाड भर दिसते. खांबांची उंची कमीजास्त असली, किंवा एखादं शिल्प उलटं वा आडवं बसवलेलं असलं, तर माल दुसरीकडून आणलेला आहे हे जवळजवळ नक्की. मग खांब बाराव्या शतकातला असला तरी ती रचना कमानीहून जुनी धरता येत नाही. वास्तूचा काळ ठरवताना मूळ रचनेतला सर्वांत नवा भाग धरायचा, सर्वांत जुना नव्हे.

अर्थात कमानही फसवते. पडलेला भाग नंतर जुन्या वळणाने पुन्हा बांधता येतो. म्हणून सांधे पाहावेत. पांढुरका, दाणेदार चुना जुना असू शकतो, पण सपाट करडं सिमेंट विसाव्या शतकातल्या किंवा नंतरच्या दुरुस्तीचं. पातळ, चपट्या विटा साधारणपणे आधीच्या, तर जाड, एकसारख्या मापाच्या विटा इंग्रजी अमदानीतल्या किंवा नंतरच्या. पाकळीदार महिरप आणि सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब असतील तर मराठा काळाचाही विचार करावा लागतो.

रंग दिलेल्या किंवा गिलावा केलेल्या भिंतीच्या फोटोवरून मात्र यातलं फारसं काही कळत नाही. अशा वेळी खांबाचा पाया, माथा आणि कमानीचा कळीचा दगड, असे तीन जवळचे फोटो मागावेत. सोबत हातभर काठी ठेवली तर विटांचं मापही कळतं.