चॅटबॉटच्या मासिक खर्चाचा अंदाज

ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा चॅटबॉट भाड्याच्या भाषा मॉडेलवर चालत असेल, तर महिन्याअखेरीस येणारे बिल टोकनच्या हिशेबाने येते. हे बिल किती येईल, ते बॉट सुरू करण्याआधी तीन गोष्टींवरून काढता येते : टोकनचा दर, वापराचे प्रमाण आणि पुनर्प्रयत्नांचे, म्हणजे रोजच्या बोलीतल्या रिट्रायचे, प्रमाण. गणित बेरीज-गुणाकाराचेच आहे. तरीही पहिला अंदाज अनेकदा कित्येक पटींनी चुकतो, कारण बॉटला पाठवला जाणारा मजकूर म्हणजे ग्राहकाने टाइप केलेला मजकूर, असे मनात धरले जाते.

टोकन म्हणजे मजकुराचा लहान तुकडा. कधी अख्खा शब्द, कधी त्याचा एखादा भाग. मॉडेलकडे जाणारे टोकन आणि मॉडेलने लिहिलेले टोकन यांचे दर वेगळे असतात आणि लिहिलेल्याचा दर सहसा कितीतरी पट जास्त असतो. उत्तरापूर्वी मनातल्या मनात विचार करणाऱ्या मॉडेलांत तो न दिसणारा मजकूरही लिहिलेल्या टोकनांतच धरला जातो. देवनागरी मजकुराला त्याच अर्थाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा बहुधा जास्त टोकन लागतात आणि हे प्रमाण मॉडेलगणिक बदलते. म्हणून शब्द मोजून टोकन काढण्याचे ठोकताळे इथे चालत नाहीत. खऱ्या संभाषणांचे शंभरेक नमुने त्याच मॉडेलच्या टोकन-मोजणीतून काढून पाहणे हाच भरवशाचा मार्ग.

एका संभाषणाचा हिशेब

मॉडेलला स्वतःची आठवण नसते. ग्राहकाने सहावा प्रश्न विचारला की बॉटचा प्रोग्राम आधीचे पाचही प्रश्न, त्यांची उत्तरे, बॉटने कसे वागावे याच्या सूचना आणि माहितीसाठ्यातून शोधून आणलेले उतारे, हे सगळे पुन्हा एकदा पाठवतो. काही सेवा आधीचे संभाषण स्वतःकडे साठवून ठेवतात. त्यामुळे ते पाठवण्याचा त्रास वाचतो, पण मॉडेल ते पुन्हा वाचतेच आणि त्या वाचनाचे पैसे लागतात.

एक उदाहरण घेऊ. दर १० लाख टोकनांना आत जाताना १ डॉलर आणि बाहेर येताना ५ डॉलर असा गृहीत दर धरू. महिन्याला ६०,००० संभाषणे, प्रत्येकात सरासरी ६ फेऱ्या. फेरी म्हणजे ग्राहकाचा एक प्रश्न आणि बॉटचे एक उत्तर. सूचना १,५०० टोकनांच्या, प्रत्येक फेरीला जोडलेले उतारे १,२०० टोकनांचे, प्रश्न ६० टोकनांचा आणि उत्तर १८० टोकनांचे.

फक्त प्रश्न आणि उत्तर मोजले, तर एका संभाषणात ३६० टोकन आत आणि १,०८० बाहेर. महिन्याचे होतात सुमारे ३४६ डॉलर. हाच तो नेहमीचा चुकीचा अंदाज. खरी मोजणी अशी :

```
I(n) = n(S + R + U) + (U + A) × n(n − 1)/2
```

यात I म्हणजे एका संभाषणात आत जाणारे टोकन, n म्हणजे फेऱ्या, S सूचना, R उतारे, U प्रश्न आणि A उत्तर. पहिले पद दर फेरीला लागणारा ठरावीक मजकूर दाखवते, तर दुसरे पद साचत गेलेल्या इतिहासाची पुन्हा पुन्हा होणारी पाठवणी. आपल्या आकड्यांत पहिले पद १६,५६० आणि दुसरे ३,६००, म्हणजे एका संभाषणात २०,१६० टोकन आत जातात. बाहेर येणारे १,०८० तेवढेच राहतात. महिन्याचा खर्च सुमारे १,५३४ डॉलर होतो, आधीच्या अंदाजाच्या जवळजवळ साडेचार पट. लिहिलेल्या टोकनाचा दर पाचपट असूनही बिलाचा सुमारे ७९ टक्के भाग वाचलेल्या टोकनांचा आहे.

इथे एक गृहीतक दडलेले आहे. जुन्या फेऱ्यांचे उतारे टाकून दिले जातात आणि फक्त चालू फेरीचे उतारे जातात, असे आपण धरले. अनेक बॉट तसे करत नाहीत; शोधून आणलेला उतारा इतिहासात तसाच राहून जातो. तसे झाले तर त्याच संभाषणात १८,००० टोकन आणखी वाढतात आणि महिन्याचा खर्च सुमारे २,६१४ डॉलरवर जातो. प्रोग्राममधल्या एका ओळीचा हा फरक असतो, म्हणून अंदाज मांडणाऱ्याने तो प्रोग्राम लिहिणाऱ्याला विचारूनच घ्यावा.

सरासरी का फसवते

सूत्रात n चा वर्ग येतो, त्यामुळे सरासरी फेऱ्यांवर विसंबता येत नाही. समजा १०० पैकी ८० संभाषणे ३ फेऱ्यांत संपतात आणि २० संभाषणे १८ फेऱ्यांपर्यंत लांबतात. सरासरी पुन्हा ६ च. पण ३ फेऱ्यांच्या संभाषणाला ९,००० टोकन लागतात, १८ फेऱ्यांच्या संभाषणाला ८६,४००. दोन्ही मिळून सरासरी २४,४८० होते, म्हणजे आधीच्या २०,१६० पेक्षा २१ टक्के जास्त, आणि महिन्याचा खर्च सुमारे १,७९३ डॉलर. ग्राहकसेवेत हीच विभागणी स्वाभाविक आहे : बहुतेकांना एक साधी गोष्ट विचारायची असते आणि थोड्यांचे गाऱ्हाणे सुटता सुटत नाही. म्हणून वापराचे प्रमाण मागताना ‘किती संभाषणे’ एवढ्यावर न थांबता ‘किती फेऱ्यांची किती संभाषणे’ असा तक्ता मागावा. पुढचा हिशेब याच १,७९३ डॉलरवर चालवू.

कमी करणारी बाजूही आहे. सूचनांचे १,५०० टोकन प्रत्येक वेळी तेच असतात आणि काही सेवा असा पुन्हा येणारा आरंभीचा मजकूर तात्पुरता साठवून स्वस्तात मोजतात. साठवलेल्या मजकुराचा दर मूळ दराच्या एक दशांश असेल, तर महिन्याच्या ३,६०,००० फेऱ्यांत ५४० डॉलरचे ५४ होऊ शकतात. मात्र हा साठा बहुधा काही मिनिटेच टिकतो, पहिल्यांदा साठवताना कुठे कुठे जादा दर लागतो आणि मजकूर अक्षरशः तोच असावा लागतो. सूचनांच्या पहिल्याच ओळीत चालू वेळ घातली असेल, तर सवलत कधीच मिळत नाही आणि बॉटच्या उत्तरांवरून ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

पुनर्प्रयत्नांचे तीन प्रकार

पुनर्प्रयत्नांचे प्रमाण ९ टक्के आहे म्हणून बिल ९ टक्क्यांनी वाढवणे ही सोपी पण चुकीची रीत आहे. प्रत्येक पुनर्प्रयत्नाला पैसे पडत नाहीत, आणि ज्याला पडतात त्याला सारखे पडत नाहीत.

मर्यादेपेक्षा जास्त विनंत्या गेल्यामुळे `429` हा संकेत मिळाला, तर मॉडेलने काही वाचलेलेच नसते. अशा नकाराला सहसा टोकनखर्च नसतो. वेळ मात्र जातो. दुसरा प्रकार वेळ संपण्याचा. आपल्या प्रोग्रामने २० सेकंद वाट पाहून विनंती सोडून दिली, पण पलीकडे मॉडेल उत्तर लिहीतच राहिले, तर त्या उत्तराचे पैसे बहुधा लागतात आणि ते कुणी वाचतही नाही. तिसरा प्रकार उत्तर नापास होण्याचा : दिलेला साचा मॉडेलने मोडला किंवा तपासणीत उत्तर अडले. यात पहिले उत्तर पूर्ण पैशाचे असतेच, शिवाय दुसऱ्या वेळी ते नापास उत्तर आणि ‘हे दुरुस्त कर’ ही सूचना जोडून पाठवल्याने मजकूर आधीपेक्षा लांब होतो.

आपल्या उदाहरणात ९ टक्क्यांची फोड अशी धरू : ४ टक्के नकार, २ टक्के वेळ संपणे, ३ टक्के नापास उत्तरे. नकारांचे शून्य. वेळ संपते ती लांब इतिहासाच्या आणि लांब उत्तराच्या फेरीत, म्हणून त्या ७,२०० विनंत्यांना सरासरी ६,००० टोकन आत आणि ४०० बाहेर धरले तर सुमारे ५८ डॉलर होतात. नापास उत्तरांच्या १०,८०० फेऱ्यांत सरासरी ४,०८० टोकनांत २६० ची भर पडते; त्यांचे सुमारे ५७. एकूण वाढ सुमारे ११४ डॉलर, म्हणजे ९ नव्हे, ६.४ टक्के. महिन्याचा अंदाज आता १,९०७ डॉलर.

इथवर पुनर्प्रयत्न किरकोळच वाटतात. खरी भीती सरासरी महिन्याची नसून वाईट दिवसाची आहे. सेवेला जोडणाऱ्या काही लायब्ररी अपयश आले की आपणहून आणखी दोनदा प्रयत्न करतात, म्हणजे एकूण तीन. प्रोग्रामरला हे माहीत नसले, तर तो वर स्वतःची तीन प्रयत्नांची साखळी लावतो. दोन्ही एकमेकांवर बसतात आणि एका फेरीचे ९ प्रयत्न होतात. समजा एके दिवशी सेवा तीन तास मंदावली, त्या वेळात ३,००० फेऱ्या आल्या आणि प्रत्येक प्रयत्न पलीकडे पूर्ण होऊनही आपल्याकडे वेळ संपल्याचा ठरला. मग २४,००० जादा विनंत्यांचे, सरासरी फेरीच्या खर्चाने, सुमारे १२० डॉलर होतात. महिनाभराच्या पुनर्प्रयत्नांपेक्षा ते तीन तास महाग पडले. वाटेत रांग ठेवणारी यंत्रणाही तीनदा प्रयत्न करत असेल तर ९ चे २७ होतात. म्हणून प्रयत्न एकाच थरात ठेवावेत, बाकीच्या थरांत ते शून्य करावेत, आणि अंदाजात पुनर्प्रयत्नांची टक्केवारी व वाईट दिवसाची रक्कम या दोन वेगळ्या ओळी लिहाव्यात.

ग्राहक स्वतः तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारतो, तेव्हा तोही एक पुनर्प्रयत्नच असतो. मात्र नोंदींत तो नव्या फेरीसारखा दिसतो आणि महागड्या लांब संभाषणांची संख्या वाढवतो. त्याला पुनर्प्रयत्नांत मोजू नये. फेऱ्यांच्या तक्त्यात तो आधीच आलेला असतो, पुन्हा धरला तर दोनदा मोजला जाईल.

अंदाज पडताळणे

प्रत्येक उत्तरासोबत सेवा किती टोकन वाचले आणि किती लिहिले याचे आकडे परत देते; अनेक सेवांत ते `usage` या नावाखाली मिळतात. ते पहिल्या आठवड्यापासून संभाषणाच्या आणि फेरीच्या क्रमांकासह साठवावेत. सोडून दिलेल्या विनंतीचे आकडे मात्र आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून आपली बेरीज सेवेच्या बिलाशी ताडून पाहावी लागते. बिलात आपल्या नोंदींपेक्षा जास्त टोकन दिसले, तर वेळ संपलेल्या विनंत्यांवर पहिला संशय घ्यावा. बिल आणि नोंदी जुळतात, पण आत जाणारे टोकन अंदाजापेक्षा जास्त आहेत, तर फेरीच्या क्रमांकानुसार सरासरी मांडावी. आपल्या उदाहरणात ती दर फेरीला २४० ने चढायला हवी. ती १,४४० ने चढताना दिसली, तर उतारे इतिहासात राहून जात आहेत.