पाणी एकच, शेरे दोन: एसएआर आणि आरएससी यांची पार्श्वभूमी

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल हातात पडला की बरेचदा एक कोडं समोर येतं. एसएआरच्या रकान्यात शेरा असतो ‘चालेल’, त्याखाली आरएससीच्या रकान्यात ‘अयोग्य’. एसएआर म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती ते सांगणारा आकडा, आरएससी म्हणजे त्याच दोघांपेक्षा कार्बोनेट-बायकार्बोनेट किती जास्त ते सांगणारा. प्रयोगशाळेने कुठेतरी घोळ केला, असं आधी वाटतं. बहुतेक वेळा घोळ नसतो. हे दोन आकडे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळे प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून तयार झाले आणि नंतर एकाच कागदावर शेजारी येऊन बसले.

पुढच्या हिशेबासाठी या पट्ट्यात मिळू शकेल असं एक पाणी धरू. लिटरमागे कॅल्शियम २४ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ३४, सोडियम २२१, बायकार्बोनेट ४५१ आणि कार्बोनेट २४. यांना अनुक्रमे २०, १२.१५, २३, ६१ आणि ३० ने भागलं की मिलिइक्विव्हॅलंट (पुढे नुसतं मि.इ.) मिळतात: कॅल्शियम १.२, मॅग्नेशियम २.८, सोडियम ९.६, बायकार्बोनेट ७.४, कार्बोनेट ०.८. विद्युत वाहकता १.४ डेसिसायमन प्रति मीटर. सूत्रं अशी:

```
SAR = Na / √((Ca + Mg) / 2)
RSC = (CO3 + HCO3) − (Ca + Mg)
```

एसएआर येतो ६.८ आणि आरएससी ४.२. रूढ तक्त्यात एसएआर १० च्या आत असला की सोडियमचा धोका ‘कमी’. आरएससी २.५ च्या वर गेला की पाणी ओलिताला ‘अयोग्य’. विहीर एक, शेरे दोन.

चोपण, म्हणजे सोडियम चढून पाणी मुरेनाशा झालेल्या जमिनीचा अनुभव या सूत्रांपेक्षा कितीतरी जुना आहे. नीरा खोऱ्यात कालव्याचं पाणी आल्यावर जमिनी खारवटल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांचा अभ्यास झाला. पण तेव्हा भर जमिनीवर होता, पाण्याच्या आकड्यांवर नव्हता. पाण्यासाठी सुरुवातीला चाललं ते सोडियमचं शेकडा प्रमाण: एकूण धन आयनांत सोडियम किती टक्के. आपल्या पाण्यात ते ७१ टक्के येतं. या पद्धतीची अडचण साधी आहे. त्याच पाण्यात नऊ पट शुद्ध पाणी मिसळा, टक्केवारी ७१ च राहते. मातीच्या कणांवर मात्र सोडियम पहिल्याइतकं बसत नाही. एकेरी भाराचं सोडियम आणि दुहेरी भाराचं कॅल्शियम यांच्यातली चढाओढ पाणी पातळ झालं की कॅल्शियमच्या बाजूने झुकते.

ही चढाओढ १९३३ साली मांडल्या गेलेल्या आयन-विनिमयाच्या एका समीकरणात नीट बसली. त्यातूनच एसएआरमध्ये वर्गमूळ आलं. वर सांगितल्याप्रमाणे दहापट पातळ केलेल्या पाण्याचा एसएआर ६.८ वरून २.१ वर येतो. उलट, पिकाने पाणी शोषून घेऊन मुळांपाशी क्षार चौपट घट्ट केले, तर एसएआर दुप्पट होतो.

वर्गमूळाखालचा तो दोनाचा भागाकार मात्र मातीशी संबंधित नाही. मूळ समीकरण मोलमध्ये आहे आणि कॅल्शियमचे मि.इ. त्याच्या मिलिमोलच्या दुप्पट असतात, एवढंच त्याचं कारण. मिलिमोलमध्ये हिशेब केला तर दोनाने भागायचं नसतं. इथे हमखास गडबड होते. मि.इ. घेऊन भागाकार विसरला तर आपल्या पाण्याचा एसएआर ४.८ दिसतो आणि पाणी उगाच बरं ठरतं. मिलिग्रॅमचेच आकडे सूत्रात घातले तर ४१ येतो. ४१ पाहून निदान शंका तरी येते, ४.८ निमूटपणे खपून जातो.

एसएआर रूढ झाला तो कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी प्रयोगशाळेच्या १९५४ च्या पुस्तिकेमुळे. क्षारता आडवी, सोडियमचा धोका उभा, असा सोळा चौकोनांचा तक्ता तिथून जगभर गेला. त्या तक्त्यात बायकार्बोनेटला जागाच नव्हती.

आणि आपल्याकडच्या विहिरींचं खरं दुखणं बायकार्बोनेट हेच आहे. जमिनीत पाणी आटतं तसं कॅल्शियम बायकार्बोनेटशी जुळून चुनखडी होऊन बसतं. सोडियम जागचं हलत नाही, त्याचा प्रतिस्पर्धी तेवढा कमी होतो. ही गोष्ट मोजण्यासाठी १९५० साली आरएससी सुचवला गेला आणि १९५४ च्या सुमारास त्याला १.२५ आणि २.५ या मर्यादा लावल्या गेल्या.

या नावाने मात्र पुढे बराच गोंधळ घातला. ‘रेसिड्युअल सोडियम कार्बोनेट’चं मराठी आपण ‘अवशिष्ट’ किंवा ‘शिल्लक सोडियम कार्बोनेट’ करतो. ऐकणाऱ्याला वाटतं की पाण्यात इतका सोडा विरघळलेला आहे आणि तो मोजला आहे. सूत्र पुन्हा पाहा, त्यात सोडियम कुठेच नाही. सोडियम न तपासताही आरएससी काढता येतो. तो फक्त एवढं सांगतो की सगळं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बोनेट होऊन बाहेर पडलं, तर किती कार्बोनेट उरेल. उरलेल्याला जोडीदार म्हणून सोडियमच असणार, हे गृहीत धरून नाव ठेवलं. ‘कॅल्शियम खाऊन उरलेलं कार्बोनेट’ म्हटलं असतं तर निम्मे गैरसमज झाले नसते, असं माझं मत.

त्या ‘तर’मध्ये अतिशयोक्तीही आहे. कॅल्शियम चुनखडी होऊन बसतं, मॅग्नेशियम इतक्या सहज बसत नाही. आपल्या पाण्यातलं कॅल्शियम पूर्ण गेलं आणि मॅग्नेशियम टिकलं, तर एसएआर होतो ८.१. मॅग्नेशियमही सगळं गेलं असं धरलं तर खाली भाजकच उरत नाही. प्रत्यक्षातली माती या दोन टोकांमधली असते आणि पहिल्या टोकाच्या जास्त जवळची.

मग दोन्ही विचार एकाच आकड्यात आणायची खटपट सुरू झाली आणि त्यातूनच सगळ्यात वादाचा निर्णय झाला. १९७६ च्या एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने ‘समायोजित एसएआर’ स्वीकारला. साध्या एसएआरला एका गुणकाने गुणायचं आणि तो गुणक पाण्याची चुनखडी टाकायची प्रवृत्ती पाहून ठरवायचा. आपल्या पाण्यासाठी हा गुणक साधारण २.३ येतो, म्हणजे ६.८ चा थेट १५.६ होतो. कालपर्यंत ‘कमी धोका’ असलेली विहीर कागदावर एका रात्रीत धोक्यात गेली. प्रत्यक्ष जमिनींत तितकं सोडियम चढत नाही, हे पुढे दिसून आलं. १९८५ च्या सुधारित आवृत्तीने ही रीत मागे घेतली आणि जुना आकडा वापरायचाच असेल तर तो निम्मा करावा, असं सुचवलं. आपल्या उदाहरणात निम्मे म्हणजे ७.८. त्याऐवजी जी नवी रीत दिली, तीत पाण्यातलं कॅल्शियम न धरता चुनखडीशी समतोल झाल्यावर उरेल तेवढंच कॅल्शियम तक्त्यावरून घेतात. तिने हेच पाणी साडेसातच्या आसपास येतं. पण १९७६ चं सूत्र पाठ्यपुस्तकांत आणि संगणकाच्या तक्त्यांत शिरलं होतं, ते पूर्ण निघालं नाही. आजही अहवालात नुसतं ‘समायोजित एसएआर’ लिहिलेलं दिसलं, तर तो १९७६ चा की १९८५ चा हे विचारून घ्यावं.

हीच चुनखडी नमुन्याच्या बाटलीतही बसते. अर्धी भरलेली बाटली आठवडाभर टेबलावर राहिली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि तळाशी पांढुरका थर दिसू लागतो. समजा त्यात ०.६ मि.इ. कॅल्शियम अडकलं. एसएआर ६.८ चा ७.४ होतो. आरएससी मात्र ४.२ च राहतो, कारण कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही सारखेच घटतात. त्याच विहिरीच्या दोन अहवालांत एसएआर वेगळा आणि आरएससी तोच दिसला, तर आधी बाटलीवर संशय घ्यावा. बाटली काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून लवकर पोचवली की हा प्रश्न उरत नाही.

भारतात २.५ ही मर्यादा जशीच्या तशी राहिली नाही. उत्तरेकडच्या हलक्या जमिनींत यापेक्षा जास्त आरएससीच्या पाण्यावर भात-गहू निघतो, कारण पावसाळ्यात क्षार धुऊन जातात. म्हणून १९९० च्या दशकातल्या देशी वर्गीकरणात २.५ ते ४ हा ‘सीमावर्ती’ गट आला. मात्र ही सवलत पूर्णेच्या काळ्या जमिनीला लावताना हात आखडता घ्यावा. तिथली चिकणमाती फुगते आणि निचरा आधीच मंद. विनिमयी सोडियम, म्हणजे मातीच्या कणांवर बसलेलं सोडियम, १५ टक्के झालं की जमीन चोपण, ही १९५४ चीच व्याख्या, पण या मातीत ते पाच-सहा टक्क्यांवर गेलं तरी पाणी मुरणं अडू लागतं. शिवाय पावसाचं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं. ओलिताच्या क्षारामुळे एकत्र राहिलेले कण त्यात सुटे होतात. उन्हाळ्यात पाणी नीट पिणारं वावर जुलैत गढूळ पाण्याने तुंबतं ते यामुळे. घरी पाहायचं तर वाळलेलं ढेकूळ पेलाभर पावसाच्या पाण्यात अलगद सोडा आणि न हलवता तासाभराने बघा. ते नुसतं ढासळून खाली बसलं असेल तर ठीक. भोवती दुधाळ वलय धरलं असेल तर सोडियमने काम सुरू केलं आहे.

इतक्या टीकेनंतरही आरएससी अहवालातून गेला नाही, कारण त्यावरून जिप्समचा हिशेब सरळ निघतो, तसा एसएआरवरून निघत नाही. दर मि.इ. साठी लिटरमागे ८६ मिलिग्रॅम शुद्ध जिप्सम लागतं. आपलं पाणी ४.२ वरून २.५ वर आणायचं तर १.७ मि.इ. म्हणजे १४६ मिलिग्रॅम. हेक्टरी पाच सेंटिमीटर ओलीत म्हणजे पाच लाख लिटर पाणी, त्याला ७३ किलो. पोत्यावर शुद्धता ७० टक्के लिहिली असेल तर दर पाळीला १०५ किलोच्या आसपास. हा हिशेब फक्त येणाऱ्या पाण्याचा आहे. जमिनीत आधी बसलेलं सोडियम काढायला लागणारं जिप्सम वेगळं, ते मातीच्या तपासणीवरून ठरतं.